हायकूच्या अनुवादकाने मनोगतात नेमकं काय लिहावं

अनुवादित कवितासंग्रह हातात आला की मी आधी अनुवादकाचं मनोगत वाचतो आणि बहुतेक वेळा तिथे काय असतं तर मूळ कवी किती थोर, अनुवाद किती अवघड, कवितेचा आत्मा जपायचा कसा प्रयत्न केला आणि मग आभार, म्हणजे प्रकाशकांचे, घरच्यांचे, मुखपृष्ठ करणाऱ्याचे. यातून वाचकाला कवितेबद्दल काहीच कळत नाही. लय कुठून आणली, कुठली सोडली, जे शब्द मराठीत येतच नाहीत त्यांचं काय केलं, हे सांगायची पुस्तकात एकच जागा असते आणि ती आपण अशी वाया घालवतो याचा मला खरंच त्रास होतो. माझं म्हणणं असं आहे की मनोगतात हिशेब असला पाहिजे, म्हणजे नियम काय धरला, तो कुठे मोडला आणि का मोडला, इतक्या स्पष्टपणे की वाचकाला त्याच्याशी भांडता यावं.

हे नुसतं हवेत बोलून उपयोग नाही म्हणून एकच उदाहरण घेतो, जपानी हायकू मराठीत आणायचं. हे घ्यायचं कारण म्हणजे हायकूच्या मराठी अनुवादांबद्दल एक वाक्य सगळीकडे जसंच्या तसं फिरत असतं, की हायकू म्हणजे 5-7-5 अशी सतरा अक्षरांची तीन ओळींची कविता. या वाक्यातला सतरा हा आकडा बरोबर आहे, पण "अक्षरांची" हा शब्द चुकीचा आहे आणि "तीन ओळींची" हेही मुळात खरं नाही, कारण जपानीत हायकू साधारणपणे वरून खाली एकाच सलग ओळीत लिहितात आणि तीन ओळी ही बाहेरच्या भाषांमध्ये पडलेली पद्धत आहे. ती पद्धत वाईट नाही, मी स्वतः तीनच ओळी ठेवीन, पण ती अनुवादकाची निवड आहे एवढं तरी मनोगतात लिहायला हवं ना.

आता अक्षरांचं. जपानीत जे मोजतात त्याला ओन म्हणतात आणि ते आपलं अक्षर नव्हे, ते आपल्या मात्रेच्या जास्त जवळचं आहे. तोक्यो हा शब्द घ्या, आपण लिहितो तेव्हा त्यात दोन अक्षरं आहेत, पण जपानी माणूस तिथे चार मोजतो कारण दोन्ही ओ लांब आहेत आणि लांब स्वराचे दोन ओन होतात. मराठी छंदशास्त्राने बघितलं तर तो आणि क्यो दोन्ही गुरू, म्हणजे चार मात्रा, आकडा तंतोतंत जुळला. तसंच शब्दातला सुटा न ते वेगळा एक ओन मोजतात आणि आपण अनुस्वारामुळे अक्षर गुरू धरतो, म्हणजे पुन्हा तेच. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर आपल्याकडे गुरू होतं, त्यांच्याकडे द्वित्त व्यंजनाला वेगळा एक ओन मिळतो, हेही तेच. ज्याने शाळेत लघुगुरू पाडलेत त्याला जपानी मोजणी समजायला इंग्रजीवाल्यापेक्षा कितीतरी सोपी जावी आणि तरी आपण इंग्रजीतून आलेली सिलॅबलची मोजणी उचलून तिला अक्षर म्हणत बसलो.

जपानी कवी मात्सुओ बाशोचा (1644 ते 1694) एक हायकू देवनागरीत लिहून बघा:

क्यो नितेमो
क्यो नात्सुकाशिया
होतोतोगिसु

यातली अक्षरं मोजली तर चार, सहा, पाच, एकूण पंधरा होतात. जपानी माणसासाठी मात्र हे बरोब्बर 5-7-5 आहे कारण दोन्ही क्यो लांब आहेत. म्हणजे ज्या मोजणीने खुद्द बाशोचाच हायकू पंधरा भरतो ती मोजणी मराठी अनुवादाला कसोटी म्हणून लावायची याला काही अर्थ नाही.

मग सरळ सतरा मात्रांचा नियम धरावा का? मोह होतो, पण तोही चालत नाही आणि का चालत नाही हे सांगणं मनोगताचंच काम आहे. एक तर मराठीत ए आणि ओ कायम गुरू, जपानीत ते ऱ्हस्वही असतात आणि बहुतेक वेळा ऱ्हस्वच असतात. दुसरं म्हणजे मराठी शब्द मात्रांनी जड आहेत, का, की, चा, ची, ला, तो, ते, आपले बरेचसे प्रत्यय आणि सर्वनामं दोन दोन मात्रांची. सतरा मात्रा म्हणजे पादाकुलकाच्या सोळा मात्रांच्या ओळीपेक्षा एकच जास्त, तेवढ्यात मराठीत एक साधं वाक्य संपतं, बाकी चित्राला जागा उरत नाही. आणि दुसऱ्या टोकाला, सतरा अक्षरं म्हणजे किती हे बघायचं असेल तर मेघदूताची एक ओळ घ्या, मंदाक्रांतेत सतराच अक्षरं असतात पण मात्रा भरतात सत्तावीस. आकडा एकच असून लांबीत एवढा फरक पडतो, म्हणून "सतरा" एवढंच लिहून थांबणारं मनोगत वाचकाला काहीच सांगत नाही.

मला जो मार्ग पटतो तो शांततेतून जातो. जपानी छंदाचा अभ्यास करणाऱ्यांपैकी काहींनी असं मांडलंय की 5-7-5 मधला प्रत्येक तुकडा खरं तर आठ ठोक्यांच्या आवर्तनात बसतो, पाच ओन बोलायचे आणि तीन ठोके रिकामे, मग सात बोलायचे आणि एक रिकामा, मग पुन्हा पाच आणि तीन. म्हणजे जे ऐकू येतं तेवढीच लय नाही, जे रिकामं सोडलंय तेही मोजलेलंच आहे. हे वाचल्यावर मराठी माणसाला काय आठवेल? भजनी ठेका, तोही आठच मात्रांचा. आणि छोटा अभंग, ज्याच्या चरणात आठ अक्षरं असतात आणि म्हणताना प्रत्येक अक्षराला सारखाच वेळ मिळतो, ऱ्हस्वदीर्घ तिथे बघत नाहीत. माधव जूलियनांनी छंदोरचनेत छंद, जाती आणि वृत्त असा फरक केलाय तो इथे फार कामाला येतो. वृत्तात लघुगुरूचा क्रम पक्का असतो, जातीत मात्रा मोजतात आणि छंदात अक्षरं, पण ती सारख्या वजनाने उच्चारलेली. हायकूच्या अनुवादाला मला छंदाची रीत जवळची वाटते, मात्र आठही ठोके न भरता.

यात एक मराठी अडचण आहे. आपण बोलताना शब्दाच्या शेवटचा अ खातो. बेडूक हा शब्द वहीत तीन अक्षरांचा आणि तोंडात दोनच, बे आणि डूक्. ओवी किंवा अभंग गाताना तो अ परत येतो पण हायकू आपण गात नाही, साध्या बोलीत वाचतो. म्हणून माझा नियम असा असेल की मोजायचं ते तोंडातलं अक्षर, वहीतलं नाही, आणि पहिल्या-तिसऱ्या ओळीत पाचपेक्षा जास्त नको, मधल्या ओळीत सातपेक्षा जास्त नको, कमी पडली तर खुशाल पडू द्यावीत. ही वरची मर्यादा आहे, भरायचा कोटा नाही. कोटा धरला की काय होतं ते ओळखायला सोपं असतं, अनुवादात अचानक "शांत", "निवांत", "हळूच", "एकटा" असे शब्द दिसायला लागतात जे मुळात कुठेच नसतात, ते आलेले असतात फक्त आकडा भरायला, आणि हायकूत एक फालतू विशेषण म्हणजे अख्ख्या कवितेचा सहावा-सातवा हिस्सा.

आता बाशोचा 1686 सालचा तो प्रसिद्ध बेडूक घेऊ कारण तो सगळ्यांना माहीत आहे आणि त्यात सगळे प्रश्न एकदम येतात.

फुरुइके या
कावाझु तोबिकोमु
मिझु नो ओतो

शब्दाला शब्द ठेवला तर फुरु म्हणजे जुनं, इके म्हणजे तळं, या याचं नंतर बघू, कावाझु बेडूक, तोबिकोमु म्हणजे उडी मारून आत जाणे, मिझु पाणी, नो म्हणजे चा-ची-चे, ओतो आवाज. (झु मराठीत फार छान लिहिता येतो, मराठी माणूस तो आपोआप दंत्य उच्चारतो, हिंदीवाल्यांना तिथे खाली टिंब द्यावं लागतं.) मला वाटतं प्रत्येक हायकूच्या अनुवादासोबत असं देवनागरी मूळ छापावं, त्याला अर्धं पानही लागत नाही, आणि वाचकाला निदान मुळाचा आवाज तरी कानावर पडतो.

रवींद्रनाथ 1916 मध्ये जपानला गेले होते आणि त्यांच्या जापानयात्रीत या हायकूचं बंगालीत जे रूप आहे ते फार धीट आहे, पुरोनो पुकुर, ब्यांगेर लाफ, जलेर शब्द. जुनं तळं, बेडकाची उडी, पाण्याचा आवाज. त्यांनी क्रियापदच काढून टाकलं, तीन नामं शेजारी ठेवली, सतरा बितरा काही मोजलं नाही. त्यामुळे वेग आला, पण मुळात क्रियापद आहे आणि ते मधोमध आहे, सगळी हालचाल त्या एका तोबिकोमुमध्ये आहे. मराठीत हेच केलं तर आणखी एक गोष्ट घडते, जपानीत एकवचन-अनेकवचन दिसतच नाही, बेडूक एक की चार हे मूळ सांगत नाही, पण "बेडकाची" म्हटलं की एक झाला आणि "बेडकांची" म्हटलं की अनेक. "बेडूकउडी" असा समास केला तर वचन लपतं खरं, पण त्या शब्दाने मराठी वाचकाला शाळेच्या मैदानावरची शिक्षा आठवते, तळं नाही. क्रियापद ठेवलं तरी घेतो किंवा घेतात यातलं एक निवडावंच लागतं. मी एकवचन निवडीन कारण शेवटी आवाज एकदाच येतो असं मला ऐकू येतं, पण ही माझी निवड आहे, बाशोने ती केलेली नाही, आणि हे वाक्य मनोगतात असायलाच हवं.

आता तो या. याला जपानीत किरेजी म्हणतात, म्हणजे कापणारा शब्द. त्याला अर्थ असा नाही, तो कविता तिथे कापतो, एक चित्र समोर धरतो आणि आवाज थांबवतो, मग दुसरा भाग येतो. इंग्रजीत बहुतेक जण इथे डॅश किंवा कोलन टाकतात आणि मराठीत ती खूण तशीच आली, टिंबटिंब टिंबटिंब करत. पण खूण डोळ्याला दिसते, ऐकू येत नाही, आणि किरेजी हा चक्क उच्चारायचा शब्द आहे, पाच ओनपैकी एक ओन त्याचा आहे. दुसरी सवय म्हणजे "अहा" किंवा "अरे" टाकायची, त्याने कवी मध्ये येऊन उभा राहतो आणि तळं मागे पडतं. तिसरा पर्याय मराठीतच पडून आहे आणि तो म्हणजे नामाला लागणारा ते. सुंदर ते ध्यान म्हणताना त्या ते ने काय होतं बघा, अर्थात भर काहीच नाही, सुंदर ध्यान म्हटलं तरी तेवढंच कळतं, पण ते मुळे आवाज क्षणभर टेकतो आणि ध्यान समोर उभं राहतं. हे काम या च्या कामाच्या खूप जवळ जातं असं मला वाटतं. "जुनं ते तळं", तोंडाने बरोबर पाच अक्षरं.

ते शेवटी टाकावा असंही सुचतं, "जुनं तळं ते", कारण जपानीत या तुकड्याच्या शेवटी आहे. पण मोठ्याने वाचून बघा, पुढच्या ओळीची सुरुवात बेडूक आहे, कान लगेच "ते बेडूक" असं जोडतो आणि काप नको त्या जागी पडतो. म्हणून ते मधेच. आणि त्याची किंमतही आहे, ते मुळे तळं थोडं ओळखीचं होतं, "ते आपलं तळं" असा वास येतो जो मुळात नाही. तेवढा मी सोसेन.

पूर्ण अनुवाद मग असा होतो:

जुनं ते तळं
बेडूक उडी घेतो आत
पाण्याचा आवाज

तोंडाने मोजलं तर पाच, सात, पाच. वहीतली अक्षरं मोजली तर पाच, नऊ, सहा, म्हणजे वीस, आणि हीच ओळ बघून कुणीतरी म्हणेल की हा हायकूच नाही. त्याला उत्तर मनोगतात असलं म्हणजे भांडण निदान खऱ्या मुद्द्यावर होतं. "आत" हा शब्द आकडा भरायला आलेला नाही, तोबिकोमुतला कोमु म्हणजेच आत शिरणे, ते काढलं तर बेडूक काठावरच उडी मारून थांबेल. "पाण्यात" टाकायचं नाही कारण मग पाणी आधीच येऊन जातं आणि शेवटच्या ओळीत ते पहिल्यांदा ऐकू येण्यात जी मजा आहे ती गेली.

शेवटच्या ओळीत "डुबुक" टाकायचा मोह मराठी माणसाला होणारच, आपल्याकडे असे ध्वनी पोत्याने आहेत आणि इंग्रजीतही काहींनी प्लॉप लिहून झालंय. पण जपानीतही अशा शब्दांची कमी नाही, बाशोला हवा असता तर त्याने एखादा घेतला असता. त्याने "पाण्याचा आवाज" असं अगदी सपाट म्हटलंय आणि आवाज कसा ते वाचकावर सोडलंय, तर अनुवादकाने ते भरायचं कारण नाही.

एक तोटा मात्र मला टाळता येत नाही आणि तो छापून सांगितला पाहिजे. जपानी व्याकरणात या नंतरचा सगळा भाग एकच पदबंध म्हणून वाचता येतो, बेडूक उडी घेतो त्या पाण्याचा आवाज, सलग. मराठीत "बेडूक उडी घेतल्याचा पाण्याचा आवाज" असं केलं तर ती सरकारी नोटीस वाटते. म्हणून मी क्रियापदाने ओळ संपवतो, पण त्यामुळे मुळात एक काप होता तिथे मराठीत दोन झाले. दुसऱ्या ओळीनंतर कुठलीही खूण न देणं एवढंच हातात आहे.

इथपर्यंत लय झाली, आता शब्द. "अनुवाद न होणारे शब्द" म्हटलं की लोक एकदम वाबी-साबी वगैरे जपानी सौंदर्यकल्पनांच्या मोठ्या नावांकडे धावतात, मनोगतात त्यावर दोन पानं लिहितात आणि ते शब्द कवितांमध्ये कुठे येतही नाहीत. खरी अडचण बेडकासारख्या शब्दाची असते, ज्याला मराठी शब्द तयार आहे आणि कुणालाच वाटत नाही की इथे काही अडलंय. हायकूत ऋतू सांगणारा एक शब्द असतो, त्याला किगो म्हणतात, आणि कावाझु हा वसंताचा किगो आहे. जपानी वाचकाला बेडूक म्हटलं की थंडी संपली, पाणी कोमट व्हायला लागलं असं कळतं. मराठी वाचकाला बेडूक म्हटलं की आषाढ, चिखल, रात्रभर डराव डराव. शब्द अगदी बरोबर अनुवादित झाला आणि अख्खा ऋतू बदलला. शिवाय जुन्या जपानी कवितेत कावाझु हा गाणारा प्राणी, कोकिनशू या दहाव्या शतकातल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत तो फुलातल्या गाणाऱ्या पक्ष्याच्या जोडीला येतो, आणि बाशोचं नवेपण हे की त्याचा बेडूक गात नाही, उडी मारतो, आणि आवाज येतो तो पाण्याचा. ही अपेक्षा मोडल्याची गंमत मराठी वाचकाला फुकटात मिळू शकते कारण आपल्याही मनात बेडूक म्हणजे ओरडणंच असतं, पण ऋतू मात्र सांगावाच लागेल. तो कवितेत घुसवायचा नाही, "वसंतातलं तळं" वगैरे करायचं नाही. मनोगतात किंवा त्या पानाखाली एका ओळीत, बस.

कधी कधी उलट होतं, शब्द अवघड दिसतो आणि ऋतू मात्र आपल्याच दारातला निघतो. 1689 च्या प्रवासातला बाशोचा मोगामी नदीवरचा हायकू आहे, सामिदारे ओ / आत्सुमेते हायाशी / मोगामीगावा. सामिदारे हा शब्द ज्या चिन्हांनी लिहितात त्यांचा शब्दशः अर्थ पाचव्या महिन्याचा पाऊस. पाचवा महिना म्हणून कुणी चैत्रापासून मोजत गेलं तर श्रावण येतो आणि सगळा घोटाळा होतो, श्रावणातला पाऊस आपल्याकडे ऊनसावलीचा, हलका, आणि सामिदारे तर दिवसच्या दिवस न थांबणारा. जुन्या जपानी पंचांगाचं वर्ष साधारण आपल्या माघात सुरू होतं, तिथून मोजलं तर पाचवा येतो ज्येष्ठ. म्हणजे आपला मृगाचा पाऊस ज्या दिवसांत लागतो तेच दिवस. हे कळल्यावर निवड सोपी होते:

ज्येष्ठाचा पाऊस
गोळा करून धावते
मोगामी नदी

पहिल्या ओळीचा "पाऊस" तोंडात पा-ऊस् असा दोन अक्षरांचा, म्हणून ओळ पाचाची. मधली सहाची, कारण धावते तोंडात धाव्-ते असं दोनच अक्षरांचं, पण तिथे मी हायाशी, म्हणजे वेगवान, या विशेषणाचं क्रियापद केलंय हे सांगायला हवं, कारण मराठीत "गोळा करून वेगवान मोगामी नदी" हे वाक्यच होत नाही. गंमत अशी की बाशोनेही हाच शब्द बदललेला आहे, आधी तिथे सुझुशी, म्हणजे गार, असा शब्द होता आणि मग तो त्याच नदीतून होडीने गेला आणि नंतर शब्द वेगवान झाला. वाचकाला हे कळलं तर त्याला समजतं की या ओळीत कुठल्या शब्दावर जोर आहे आणि अनुवादकाने कुठे हात लावताना जास्त विचार करायला हवा होता.

आणि तिसरा प्रकार म्हणजे जिथे वस्तूच आपल्याकडे वेगळी आहे. वर क्योचा, म्हणजे क्योतो शहराचा, हायकू दिला त्यात होतोतोगिसु आहे, कोकिळेच्या कुळातला एक पक्षी, उन्हाळ्याच्या सुरुवातीचा किगो. त्याला कोकीळ म्हणायचं की पावशा? पावशा फार जवळचा वाटतो, तोही त्याच कुळातला, त्याचाही आवाजच आधी येतो आणि पक्षी दिसत नाही. पण पावशा मराठी कानाला "पेर्ते व्हा" म्हणतो, त्याच्याबरोबर शेत येतं, पेरणी येते, पावसाची वाट बघणारा माणूस येतो. होतोतोगिसुबरोबर येते ती ओढ, गेलेल्याची आठवण, रात्री जागून एकदाच ऐकलेली हाक. आणि त्या हायकूत बाशो म्हणतोय काय तर क्योतोत उभा असूनही क्योतोची आठवण येतेय. तिथे पावशा बसवला तर कविता दुसरीच होते, चांगलीही होईल कदाचित, पण ती बाशोची नाही. म्हणून मी नाव तसंच ठेवीन:

क्योतोतही
क्योतोची ओढ लागते
होतोतोगिसु

पाच ओनांचं नाव पाच अक्षरांत आलं, उच्चारायलाही अवघड नाही, आणि पक्षी कोणता ते खाली एका ओळीत. नात्सुकाशी या शब्दाला मी "ओढ" घेतलंय, "आठवण" नाही, कारण आठवण गेलेल्या गोष्टीची येते आणि ओढ समोर असलेल्याचीही लागू शकते. याच्याशी कुणी असहमत असेल तर मला आवडेल, पण त्यासाठी त्याला मूळ शब्द कळला पाहिजे, तो मनोगतात नसेल तर वाचक असहमत तरी कशाच्या जोरावर होणार.

यावर एक आक्षेप असतो आणि तो प्रामाणिक असतो, की कविता स्वतः उभी राहिली पाहिजे, एवढं समजावून सांगावं लागत असेल तर अनुवादच फसला. मला हे अर्धंच पटतं. शिरीष पैंनी हायकू मराठीत आणला, रुजवला, त्यांचे स्वतःचे हायकू तीन ओळींचे, बऱ्याचदा यमकाचे, आणि त्यांना कुठल्याच तळटीपेची गरज नाही कारण त्या मराठीत लिहिलेल्या मराठी कविता आहेत. तिथे सतरा भरतात का म्हणून विचारणंच गैर आहे. अनुवादाची गोष्ट वेगळी, तिथे मुखपृष्ठावर दुसऱ्या कवीचं नाव असतं आणि वाचक ते नाव बघून पुस्तक घेतो. त्या नावाखाली मी यमक जुळवलं, जे जपानी हायकूत नसतंच, तर ते मी सांगायला बांधील आहे. आणि समजावणं कवितेच्या आधी यायलाच हवं असंही नाही, पुस्तकाच्या शेवटी टाका, ज्याला हवं तो वाचेल, पब्लिशर पानं वाढतात म्हणून कुरकुर करतात तेव्हा आभाराचं पान कमी करता येतं.

सगळ्यात जास्त लपवली जाणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे, अनुवाद कुठल्या भाषेतून केला ती. मराठीतले बरेचसे हायकू इंग्रजीतून आलेत आणि त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही, चांगले तीन-चार इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवून काम केलं तर उत्तम काम होऊ शकतं. पण ते लिहिलं नाही तर चुका कुठून आल्या ते कुणालाच शोधता येत नाही. बाशोचा सुकलेल्या फांदीवरच्या कावळ्याचा हायकू घ्या, कारे एदा नि / कारासु नो तोमारिकेरी / आकि नो कुरे. मधल्या ओळीत नऊ ओन आहेत, म्हणजे सतराचा नियम स्वतः बाशोनेच मोडलाय, आणि आधीच्या रूपात तर ते दहा होते. कारासु एक की अनेक ते सांगितलेलं नाही. आकि नो कुरे म्हणजे शरदातली संध्याकाळ किंवा शरदाचा शेवट, दोन्ही. इंग्रजीला नामाआधी अ लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही म्हणून तिथे बहुतेक वेळा एकच कावळा होतो, आणि दोन अर्थांतला एक निवडला जातो. तिथून मराठीत आलं की "एक एकटा कावळा" होतो, मग त्यावर एकाकीपणाबद्दल लेख लिहिले जातात. मनोगतात "अमुक इंग्रजी अनुवादावरून" एवढे तीन शब्द असते तर वाचकाला कळलं असतं की तो "एक" वाटेत इंग्रजीत चिकटलाय, आणि "एकटा" तर त्याच्याही पुढे, मराठीत.